काचेच्या मागून सोने: दुकानाच्या काचेवर वर्खाची अक्षरे उलटी बसवण्याची रीत

दुकानाच्या काचेवरचे सोनेरी अक्षर रस्त्यावरून पाहणाऱ्याला काचेच्या पुढे उमटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते काचेच्या आतल्या अंगाला, दुकानात उभे राहून बसवलेले असते. असे करण्याला दोन कारणे आहेत. पाऊस, धूळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात यांपासून सोन्याचे रक्षण काच स्वतःच करते, हे पहिले कारण. दुसरे कारण चकाकीचे आहे. वर्ख इतका पातळ असतो की तो ज्या पृष्ठभागावर बसतो त्याचाच पोत घेतो. लाकडावर बसला तर लाकडाचा आणि रंगावर बसला तर रंगाचा. काचेइतका गुळगुळीत पृष्ठभाग दुसरा नाही, म्हणून काचेच्या पाठीला बसलेले सोने समोरून आरशासारखे दिसते, आणि ती चमक रंगवलेल्या सोनेरी अक्षराला कधीच येत नाही.

मागून काम करायचे म्हटले की दोन गोष्टी उलटतात. अक्षराचा आकार डावा-उजवा उलटतो, हे नवशिक्याच्या लगेच लक्षात येते. थरांचा क्रमही उलटतो, हे मात्र पहिले काम फसल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. पाटीवर रंगवताना आपण आधी छाया, मग कड आणि सर्वांत शेवटी मुख्य अक्षर रंगवतो, कारण शेवटचा हात सर्वांत वर दिसतो. काचेवर पहिला हात सर्वांत पुढे दिसतो आणि नंतरचा प्रत्येक थर त्याच्या मागे लपतो. त्यामुळे आधी सोने, मग त्याच्यामागे रंगाची पाठ, मग कड आणि शेवटी छाया असा क्रम येतो. या लेखातील प्रत्येक पायरी या दोन उलटण्यांना धरूनच आहे.

उदाहरणासाठी ‘पेढी’ हा एकच शब्द घेऊ. सराफाच्या दाराच्या काचेवर शोभणारा हा शब्द आहे आणि शिकण्यासाठीही सोयीचा आहे, कारण त्यात मात्रा, वेलांटी आणि सलग शिरोरेषा या तिन्ही गोष्टी येतात. शब्दाची एकूण रुंदी २७० मिलिमीटर आणि मात्रा-वेलांटीसह उंची १९० मिलिमीटर धरू. काच ६ मिलिमीटर जाडीची, साधी आणि स्वच्छ आहे. काचेच्या आतल्या बाजूला उन्हासाठी फिल्म लावलेली असेल तर हे काम तिच्यावर करू नये. वर्ख फिल्मला धरून राहील आणि फिल्म निघेल त्या दिवशी तिच्याबरोबर जाईल.

खाका: सुलट काढायचा आणि एकदाच पलटायचा

अक्षर कागदावर नेहमी सुलट काढावे, म्हणजे रस्त्यावरून जसे वाचले जाईल तसे. उलटे अक्षर हाताने काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ट्रेसिंग पेपरवर ‘पेढी’ पूर्ण आकारात काढून तो भिंतीवर लावावा, चार-पाच पावले मागे जाऊन पाहावा, ढच्या पोटातली जागा आणि प-ढमधील अंतर नीट करावे, आणि सर्व दुरुस्त्या याच टप्प्यावर संपवाव्यात.

त्यानंतर कागदाखाली जाड कापड किंवा फोमचा तुकडा ठेवून अक्षराच्या रेषेवर टाचणीने दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने भोके पाडावीत. यासाठी दाते असलेले चाकही मिळते. दिवाळीत अंगणात रांगोळीचे ठिपके पाडण्यासाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे सांगायला नको. भोके पाडून झाल्यावर कागदाच्या मागच्या बाजूला आलेले उंचवटे बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावेत, नाहीतर भोके पुन्हा मिटतात आणि पुढे त्यांवरून थापटायची कोळशाची भुकटी खाली उतरत नाही.

आता हाच कागद पलटून काचेच्या आतल्या बाजूला लावला की उलटा आकार आपोआप मिळतो. येथे एक घोटाळा वारंवार होतो. अक्षर संगणकावर तयार केले असेल तर काही जण तेथेच ते आरशासारखे उलटे करून छापून आणतात, आणि कामाच्या जागी सवयीने कागद पुन्हा पलटतात. दोनदा उलटलेले अक्षर आतून सुलट आणि रस्त्यावरून उलटे होते. म्हणून छपाई सुलटच घ्यावी आणि कागदाच्या पुढच्या बाजूला एका कोपऱ्यात ‘ही बाजू रस्त्याकडे’ असे ठळक लिहावे. काचेला कागद लावल्यावर ही ओळ फक्त बाहेरून सुलट वाचता आली पाहिजे.

देवनागरीत उलटे काम करण्याची एक खास अडचण आहे, आणि तिची जाणीव आधीच असलेली बरी. रोमन लिपीत b-d, p-q अशी थोडीच अक्षरे उलटल्यावर दुसरी वाटतात. देवनागरीतले उलटे अक्षर मात्र फसवते. दुसऱ्या वेलांटीचा दंड अक्षराच्या उजवीकडे असतो आणि तिची कमान डावीकडे वळते. ती आरशात पाहिली की हुबेहूब पहिली वेलांटी दिसते. म्हणजे आतून पाहताना ‘पेढी’तील सर्वांत डावीकडे ढिच्या पहिल्या वेलांटीसारखा आकार येतो, आणि शुद्धलेखन पक्के असलेल्या माणसाचा हात ती ‘सुधारायला’ धावतो. सुरुवातीच्या काळात एका दुकानाच्या दारावर मी स्वतः ही चूक केली होती. खाक्याची भुकटी एका ठिकाणी पुसली गेली, मी डोळ्यांवर विसंबून वेलांटी पुरी केली, आणि बाहेर येऊन पाहिले तेव्हा पहिली वेलांटी झालेली होती. तेवढे अक्षर खरवडून पुन्हा करावे लागले. प वरची मात्रा समोरून डावीकडे झुकते, ती आतून उजवीकडे झुकलेली दिसली पाहिजे. तिरक्या टाकाने लिहिलेल्या वळणात अक्षराची जाडी ज्या तिरकेवर येते, ती आतून विरुद्ध तिरकेवर येते. म्हणून मागून रंगवताना अक्षर वाचू नये. तो केवळ एक आकार आहे असे समजून ठिपक्यांमागे जावे. ठिपका पुसला गेला तर अंदाज न करता खाका पुन्हा लावावा.

खाका प्रत्येक वेळी त्याच जागी बसावा म्हणून कागदाच्या चार कोपऱ्यांवर अधिकचे चिन्ह काढावे आणि त्याच्याशी जुळणारी चार चिन्हे काचेच्या बाहेरच्या बाजूला मास्किंग टेपच्या तुकड्यांवर काढून ठेवावीत. चिन्हे जुळवताना डोळा काचेच्या अगदी समोर ठेवावा. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेतून तिरके पाहिले तर दोन ते तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. याच कारणामुळे बाहेरच्या बाजूला चिकटवलेले चित्र पाहून आत अक्षराची कड रंगवणे चालत नाही. बाहेरचे चित्र वर्ख कुठवर लावायचा एवढे कळण्यापुरते असते, आणि अचूक कड नेहमी आतल्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच घ्यावी लागते.

काच

काचेवरचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, परंतु वर्खाला तो कळतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चॉक पावडर पाण्यात कालवून तिची पातळ पेज करावी, तीत थोडे स्पिरिट घालावे, ती काचेवर चोळावी, वाळू द्यावी आणि स्वच्छ सुती कापडाने पुसून काढावी. सुगंधी द्रव घातलेले काच साफ करण्याचे फवारे टाळावेत, कारण त्यांचा पातळ थर मागे राहतो. काच स्वच्छ झाली की नाही हे दोन प्रकारे कळते. काचेवर तोंडाची वाफ सोडली असता धुके एकसारखे उमटले पाहिजे आणि ओल्या ब्रशने पाणी लावले असता ते थेंबाथेंबांत न तुटता सलग पापुद्र्यासारखे पसरले पाहिजे. पाणी जेथे तुटते, तेथे वर्खही नीट धरणार नाही. ही परीक्षा झाल्यावर काचेला बोट लावू नये.

जिलेटिनचे पाणी

काच आणि सोने यांना जोडणारा पदार्थ पारदर्शक असला पाहिजे, कारण आपण सोन्याकडे त्या पदार्थातूनच पाहणार असतो. तैलवार्निशावर वर्ख लावला तर तो पक्का बसतो, पण चमक मंदावते. जिलेटिनचे अत्यंत पातळ पाणी मात्र वाळले की दिसेनासेच होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल यासाठी उत्तम, कारण त्या शुद्ध असतात आणि प्रत्येक वेळी प्रमाण सारखे राहते. ‘शाकाहारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल वनस्पतिजन्य पदार्थाच्या असतात आणि त्यांचे पाणी या कामाला येत नाही, म्हणून घेताना विचारून घ्यावे.

‘००’ आकाराच्या दोन रिकाम्या कॅप्सूल आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते ते पाणी चालते. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर काच आणि सोने यांच्यात पांढरे डाग होऊन बसतात. स्वच्छ स्टीलच्या भांड्यात आधी पेलाभर पाणी उकळीला येईल इतके तापवावे, आच बंद करून त्यात कॅप्सूल टाकाव्यात, त्या पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि मग उरलेले पाणी घालून सगळे तलम कापडातून गाळावे. जिलेटिन घातल्यानंतर पाणी खळखळा उकळत ठेवू नये, कारण त्याने चिकटपणा कमी होतो. हे पाणी त्याच दिवशी वापरावे. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी ते नासू लागते.

प्रमाण चुकले की नाही हे काम सांगते. जिलेटिन जास्त झाले तर वाळलेल्या सोन्यावर समोरून दुधाळ ढग दिसतात. कमी झाले तर वाळल्यावर कापसाने हलके पुसतानाच सोने हाताबरोबर येते. दोन्हींपैकी कमी झालेले परवडते, कारण पुसून पुन्हा लावता येते. ढगाळ सोने मात्र रंगाची पाठ दिल्यावर दुरुस्त होत नाही.

वर्ख बसवणे

या कामासाठी २३ कॅरेटच्या आसपासचा सुटा वर्ख घ्यावा. तो २५ पानांच्या पुस्तिकेत मिळतो आणि पान साधारण ८० मिलिमीटर चौरस असते. कागदाला दाबून चिकटवलेला वर्खही मिळतो, परंतु तो ओल्या काचेवर नीट सुटत नाही. पितळेचा नकली वर्ख जाड असतो आणि काळा पडतो. मिठाईवरचा वर्ख चांदीचा असतो, त्याचा येथे संबंध नाही.

आपल्या शब्दाभोवती चारी बाजूंनी सुमारे १५ मिलिमीटर जादा धरले तर ३०० बाय २२० मिलिमीटरची जागा सोन्याने भरावी लागेल. पाने एकमेकांवर ५ मिलिमीटर चढवली, तर आडवी चार पाने ३०५ मिलिमीटर आणि उभी तीन पाने २३० मिलिमीटर जागा झाकतात, म्हणजे एका थराला १२ पाने पुरतात. दुसऱ्या थराला तितकीच, अधिक काठांसाठी दोन-तीन पाने, आणि भोके बुजवण्यासाठी आणखी काही. एक पुस्तिका थोडक्यात कमी पडते, म्हणून दोन आणाव्यात. अक्षराच्या आकारातच वर्ख कापून लावला तर सोने वाचेल असे नवशिक्याला वाटते, पण ते खरे नाही. वर्खाची कड कधीच धारदार नसते. अक्षराची कड नंतर पाठीच्या रंगाने ठरते, त्यासाठी सोने अक्षराबाहेर गेलेलेच असावे लागते.

काम सुरू करण्यापूर्वी पंखा आणि एसी बंद करावा आणि दार लावून घ्यावे. एका श्वासानेही पान गुंडाळले जाते. काचेवर ऊन येत असेल तर ती वेळ टाळावी, कारण पाणी पान बसण्याआधीच सुकते. सकाळी लवकर किंवा दुकान बंद झाल्यावरचा वेळ चांगला.

पान उचलण्यासाठी खारीच्या केसांचा रुंद, चपटा आणि अगदी पातळ ब्रश वापरतात. त्याला टिप म्हणतात. तो एकदा गालावरून किंवा केसांवरून फिरवला की त्वचेचा किंचित तेलकटपणा त्याला लागतो आणि पान उचलले जाण्यास तेवढा पुरेसा होतो. दुसऱ्या हातातल्या मऊ, रुंद ब्रशने काचेच्या वरच्या कोपऱ्यापासून जिलेटिनचे पाणी सढळ हाताने लावावे. पाणी ओघळत असले पाहिजे. केवळ ओलसर काच चालत नाही. मग पान टिपवर उचलून, त्याची वरची कड आधी काचेजवळ न्यावी. काही मिलिमीटरांवर आले की पाणी स्वतःच पानाला ओढून घेते. पान काचेवर दाबू नये आणि टिप पाण्याला लागू देऊ नये; टिप ओली झाली तर पुढचे पान तिलाच चिकटेल आणि ती वाळेपर्यंत काम थांबवावे लागेल. बसलेल्या पानात सुरकुत्या दिसतात, त्यांना हात लावू नये. पाणी उतरताना बऱ्याचशा आपोआप सपाट होतात.

ओळ वरून खाली घ्यावी, म्हणजे ओघळ नेहमी कोऱ्या काचेवर जातो. पहिल्या ओळीचे सांधे कुठे येतात हे आधी ठरवावे. शिरोरेषा ही सलग आडवी पट्टी आहे आणि तिच्या लांबीत पानांचे उभे सांधे येणारच. परंतु पानांचा आडवा सांधा शिरोरेषेच्या जाडीत धावू देऊ नये, कारण तो तेथे रेघेसारखा दिसतो. आपल्या शब्दात मात्रा आणि वेलांटीची कमान वरच्या ओळीत घेऊन, पहिल्या ओळीची खालची कड शिरोरेषेच्या चांगली खाली येईल अशी सुरुवात करावी.

ओले सोने बाहेरून मंद आणि मळकट दिसते, आणि याने घाबरून जाऊ नये. पाणी उडत जाते तसे जिलेटिन पानाला काचेकडे ओढते आणि मंद भाग एका कडेपासून चकाकू लागतो. शेवटचा मंद ठिपका संपला म्हणजे थर वाळला. याला हवेप्रमाणे अर्धा-पाऊण तास लागतो आणि पावसाळ्यात त्याहून बराच जास्त. वाळल्यावर कोरड्या, स्वच्छ कापसाने, वजन न देता, पानांच्या सुट्या कडा पुसून काढाव्यात. मंद भाग शिल्लक असताना कापूस फिरवला तर केसांसारखे ओरखडे उठतात, आणि ते समोरून काळ्या रेषा होऊन दिसतात.

आता दिवसाच्या उजेडात आतून सोन्याकडे पाहावे. वर्ख इतका पातळ असतो की त्यातून हिरवट प्रकाश येतो, आणि सुईच्या टोकाएवढी भोके ताऱ्यांसारखी चमकतात. दुसरा थर यासाठीच असतो. तो लावताना पहिल्या थराचे सांधे पानाच्या मध्यावर येतील अशी पाने अर्ध्याने सरकवावीत. सोन्यावरून ओला ब्रश एकदाच, हलक्या हाताने न्यावा. त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवला तर खालचे जिलेटिन ओले होऊन पहिला थर सरकतो. दुसरा थर वाळल्यावर उरलेली भोके लहान तुकड्यांनी बुजवावीत.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, पण चमकेतला मोठा फरक तिनेच पडतो. हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम, परंतु उकळते नव्हे, असे डिस्टिल्ड पाणी मऊ ब्रशने वरून खाली सोन्यावरून एकदा वाहू द्यावे. काच आणि सोने यांच्यात अडकलेले जास्तीचे जिलेटिन त्याने निघून जाते आणि सोने काचेला अधिक घट्ट बसते. वाळल्यावर बाहेर जाऊन पाहावे. आधी जेथे किंचित धुरकट वाटत होते तेथे आता रस्त्याचे प्रतिबिंब दिसले पाहिजे. थंडीच्या दिवसांत काच गार असताना गरम पाणी ओतू नये, काच तडकू शकते. सोने आता रात्रभर तसेच ठेवावे.

पाठ देणे

या क्षणी काचेवर सोन्याचा एक ओबडधोबड चौकोन आहे आणि त्यात अक्षर कुठेच नाही. अक्षर आता जन्माला येते. खाका पलटून, चिन्हे जुळवून सोन्यावर टेपने लावावा आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड कापडाच्या पुरचुंडीत घालून ती भोकांवरून हलकेच थापटावी. चोळू नये, सोने ओरखडते. कागद काढण्यापूर्वी एक कोपरा उचलून ठिपके उमटले आहेत याची खात्री करावी. मग जास्तीची पूड फुंकून टाकावी.

ठिपक्यांच्या आत भरायचा रंग म्हणजे अक्षराची पाठ. त्याचे काम दोन प्रकारचे आहे: सोन्याला पाण्यापासून वाचवणे आणि अक्षराची कड ठरवणे. चांगला तैल एनॅमल वापरावा. काळा रंग पूर्ण अपारदर्शक असतो, पण राहिलेले भोक त्यातून काळा ठिपका होऊन दिसते. पिवळा रंग भोके लपवतो, मात्र त्याला दोन हात द्यावे लागतात. नवशिक्याने पिवळा घ्यावा असे माझे मत आहे. पाण्यात मिसळणारे रंग येथे चालत नाहीत, कारण त्यातल्या पाण्याने जिलेटिन सुटते.

लांब केसांच्या ब्रशने आधी शिरोरेषा घ्यावी, कारण बाकीची सर्व मापे तिच्यापासून लटकतात. हात काचेला टेकू नये म्हणून टोकाला कापड गुंडाळलेली काठी आडवी धरून तिच्यावर मनगट ठेवावे. रंग ब्रशवरून सहज उतरेल इतपत पातळ असावा, परंतु ओघळू नये. ढच्या पोटासारखे वळण एका श्वासात घ्यावे. थांबून-थांबून घेतलेल्या वळणावर प्रत्येक थांब्याची गाठ समोरून दिसते, कारण येथे ब्रशची कड हीच सोन्याची कड आहे. चुकलेला रंग ओला असताना पुसायला जाऊ नये. त्याखालचे सोनेही जाईल. बाहेर गेलेला रंग वाळल्यावर ब्लेडने मागे घेता येतो, आत राहिलेला ओला ब्रश फिरवून पुढे नेता येतो.

रंगवून झाल्यावर रस्त्यावर जाऊन पाहण्यात फारसा अर्थ नसतो, कारण समोरून अजूनही सोन्याचा सलग चौकोनच दिसतो. आकार तपासण्यासाठी आतून लहान आरसा धरावा आणि त्यात ‘पेढी’ सुलट वाचावी. वेलांटी आणि मात्रेची बाजू नेमकी याच वेळी पाहून घ्यावी, कारण ही दुरुस्तीची शेवटची संधी आहे. नंतर रंग किमान एक दिवस, आणि दमट हवेत दोन दिवस, पूर्ण वाळू द्यावा.

जास्तीचे सोने काढणे

ओल्या कापसावर चिमूटभर चॉक पावडर घेऊन अक्षराबाहेरचे सोने हलक्या गोल हाताने पुसावे. जिलेटिन पाण्याने सुटते आणि उघडे सोने निघून जाते; रंगाखालचे सोने राहते. कापूस वरचेवर बदलावा आणि एकाच जागी पाणी साचू देऊ नये. रंग कच्चा असेल तर या वेळी त्याच्या कडा उचलल्या जाऊन सोन्याला दातेरी किनार येते, आणि त्यावर उपाय राहत नाही. प्रथम एखाद्या कोपऱ्यातच पुसून पाहावे. कड स्वच्छ निघाली तरच पुढे जावे.

त्यानंतर स्टीलची पट्टी आणि नवे ब्लेड घेऊन शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या कडा आणि उभे दंड सरळ करावेत. आता बाहेर गेले की प्रथमच ‘पेढी’ सोन्यात दिसते.

कड, छाया आणि वार्निश

क्रम उलटण्याचा फायदा येथे मिळतो. पाटीवर सोनेरी अक्षराभोवती बारीक कड काढणे कठीण असते, कारण कडेची दोन्ही टोके दिसतात. काचेवर मात्र कडेचा रंग अक्षराच्या पाठीवर दोन-एक मिलिमीटर चढवून काढता येतो. चढलेला भाग सोन्यामागे लपतो आणि समोरून सोने व कड यांच्यात केसाएवढीही फट राहत नाही. ब्रशकडे लक्ष द्यायचे ते फक्त बाहेरच्या बाजूला. याउलट सोन्याच्या आत, अक्षराच्या अंगावर बारीक काळी रेघ हवी असेल, तर ती वर्ख लावण्यापूर्वीच काचेवर काढून वाळवून ठेवावी लागते. ती नंतर सुचली तर तिला जागा नसते. म्हणून सजावटीचा विचार खाका करतानाच संपवावा.

छायेची दिशा समोरून ठरवावी. ‘पेढी’ची छाया समोरून डावीकडे खाली हवी असेल, तर आतून ती उजवीकडे खाली येते. खाक्यावर ‘छाया’ असा शब्द लिहून त्या दिशेचा बाण काढून ठेवावा, म्हणजे कागद पलटल्यावर बाणही पलटतो आणि डोक्यात हिशेब करावा लागत नाही. कड वाळल्यानंतरच छाया द्यावी, आणि छायाही कडेच्या पाठीवर थोडी चढवावी.

सर्व रंग वाळल्यावर पारदर्शक वार्निशचा हात द्यावा. तो रंगाच्या शेवटच्या कडेपर्यंत नव्हे, तर तिच्याबाहेर काचेवर दोन मिलिमीटर जाईल असा असावा. रोज काच पुसणाऱ्याच्या ओल्या फडक्यातले पाणी कडेतूनच आत शिरते, आणि जिलेटिनपर्यंत पोहोचले की सोने पापुद्र्यासारखे सुटू लागते. दोन मिलिमीटरची ती पट्टी बाहेरून जवळजवळ दिसत नाही, पण अक्षर किती वर्षे टिकणार हे तिच्यावरच अवलंबून असते. दुकान बंद असताना आतल्या काचेवर वाफ धरत असेल, तर वार्निशचे दोन हात द्यावेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा किंचित बाहेर न्यावा.

काम सोपवताना दुकानदाराला आतली बाजू दाखवून सांगावे की बाहेरची काच नेहमीप्रमाणे धुवावी, परंतु आतून अक्षरावर फक्त घट्ट पिळलेले मऊ कापड फिरवावे. अमोनियाचा फवारा मारू नये आणि स्टिकर काढण्याची पट्टी अक्षराजवळ नेऊ नये. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन कडा पाहाव्यात. कुठे सोन्याच्या काठावर राखाडी पट्टा सरकताना दिसला तर तेथे पाणी शिरले आहे असे समजावे. तेवढा भाग ब्लेडने स्वच्छ काढून, दोन-तीन पानांच्या तुकड्यांनी पुन्हा बसवून, पाठ आणि वार्निश देता येते.